गच्चीच्या जोडात काय भरायचं: पीयू, सिलिकॉन की डांबर?

प्रश्न: "डोंबिवलीत आमची चार मजली सोसायटी आहे. दोन विंग, मध्ये साधारण पाऊण इंचाची फट. पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीवर आणि वरच्या दोन फ्लॅटमध्ये पाणी उतरतं. कठड्याच्या मुळाशीही लांबलचक चीर आहे. तीन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणतो पीयू, दुसरा म्हणतो सिलिकॉन, तिसरा म्हणतो गरम डांबर ओता, वर्षानुवर्षं तेच चालत आलंय. गच्ची पूर्ण उघडी आहे, वर शेड नाही. पावसाआधी काम उरकायचंय. नेमकं काय घ्यावं?"

उत्तर:

फटीत आणि कठड्याच्या चिरेत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं रबरासारखं सीलंट भरा, पण त्यावर थेट ऊन पडणार नाही अशी व्यवस्था करा. सिलिकॉन फक्त पत्रा, ॲल्युमिनियम, काच अशा ठिकाणी वापरा, आणि तेही न्यूट्रल क्युअर प्रकारचं, म्हणजे वाळताना ॲसिड न सोडणारं. डांबर उघड्या गच्चीच्या जोडात नको. हे झालं थोडक्यात. पण एवढं वाचून उद्या ठेकेदाराला फोन लावू नका, कारण पीयू भरूनही गळणाऱ्या गच्च्या मी भरपूर पाहिल्यात, आणि त्यातली एक माझ्याच हातची होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी ती फट तिथे का आहे ते लक्षात घ्या. काँक्रीट तापलं की वाढतं आणि गार झालं की आकसतं. एक मीटर लांबीचं काँक्रीट एका अंशाला साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण २४ मीटर लांबीच्या दोन विंग शेजारी-शेजारी असल्या, की मधल्या फटीकडे प्रत्येक विंगची निम्मी लांबी, म्हणजे दोन्ही मिळून २४ मीटरची हालचाल येते. स्लॅबचं सरासरी तापमान २० अंशांनी बदललं, तर हिशेबाने ४.८ मिलिमीटर. खालचे कॉलम स्लॅबला धरून ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी भरते, पण हालचाल ही होतेच. म्हणूनच काँक्रीटच्या आपल्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत असा जोड, म्हणजे एक्सपान्शन जॉइंट, ठेवायला सांगितलंय. तुमची फट ही बांधकामातली चूक नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती रोज उघडणार-मिटणारच. त्यामुळे सिमेंटने बुजवायचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच थांबवा. पहिल्या हिवाळ्यात सिमेंट एका कडेने सुटेल.

तुमची फट किती हलते हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये एकेक स्टीलचा खिळा पक्का ठोका, किंवा एपॉक्सीने चिकटवा. सकाळी साडेसहाला आणि दुपारी तीनला दोन्ही खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि असं चार दिवस करा. मी प्रत्येक एक्सपान्शन जॉइंटच्या कामाआधी हे करतो. या आकड्यांवरून कुठलं सीलंट चालेल ते बऱ्याच अंशी तिथेच ठरतं.

आता तिन्ही मालांकडे वळू. सुरुवात डांबरापासून करतो, कारण ते स्वस्त असल्यामुळे कमिटीत शेवटी तेच मंजूर होण्याची भीती असते.

गरम ओतायच्या डांबरी कंपाउंडसाठी आयएस १८३४ हे आपलं जुनं मानक आहे आणि रस्ते, धावपट्ट्या, जमिनीतले जोड अशा ठिकाणी ते योग्यच आहे. अडचण गच्चीची आहे. मे महिन्यात उघड्या गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या आसपास जातो. काळा डांबरी पट्टा त्याहून जास्त तापतो. त्या उष्णतेत डांबर मऊ पडतं आणि उताराच्या दिशेने, नाहीतर फटीतून खाली सरकतं. जिन्याच्या भिंतीवर वरून खाली आलेले काळे ओघळ पाहिले असतील, तर ते हेच. उन्हाने त्यातले हलके तेलकट अंश कमी होत जातात, हवा लागून ते कडक होतं, आणि डिसेंबरच्या पहाटे फट जास्तीत जास्त उघडलेली असताना ताणायची वेळ आली की ते ताणलं जात नाही. मग काठापासून सुटतं किंवा मधोमध चिरतं. रबर मिसळलेलं डांबर बरंच सुधारतं, तरी उन्हात उघडं ठेवलं की तेही याच वाटेने जातं, फक्त थोडं उशिरा.

डांबराचा दुसरा त्रास त्याहून मोठा आहे, आणि तो पुढच्या माणसाला भोगावा लागतो. काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेलं डांबर खरवडून पूर्ण निघत नाही आणि त्यावर ना पीयू धरतं ना सिलिकॉन. डांबरातलं तेल नव्या सीलंटमध्ये उतरून त्याला मऊ, चिकट करून टाकतं. तुमच्या फटीत आधी कुणी डांबर ओतलं असेल, तर दोन्ही कडा ग्राइंडरने ताज्या राखाडी काँक्रीटपर्यंत छाटाव्या लागतील. त्याला पर्याय नाही. डांबर कुठे चालतं? कोब्याच्या खाली, पाणी अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या थरात, पायाच्या भिंतीला मातीच्या बाजूने. जिथे ऊन कधीच पोचणार नाही तिथे डांबरासारखा स्वस्त आणि टिकाऊ माल क्वचितच मिळेल.

सिलिकॉनचं नेमकं उलट. उन्हाला तिघांत सर्वांत जास्त टिकतं ते. त्याच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी तो सहजी तुटत नाही. उंच इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागावर वर्षानुवर्षं सिलिकॉनच टिकून असतं. मग गच्चीवर का नको? तर गच्चीवर काच नाही, सच्छिद्र काँक्रीट आहे, त्यावर माणसं चालतात आणि दर काही वर्षांनी आपण त्यावर नवं वॉटरप्रूफ कोटिंग मारतो. सिलिकॉन काँक्रीटवर प्रायमरशिवाय भरवशाचं धरत नाही. ते मऊ असतं, शिडीचा पाय किंवा टाकी सरकवताना लागलेली सळई त्याला फाडते. आणि सर्वांत महत्त्वाचं, वाळलेल्या सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काहीच चिकटत नाही. रंग नाही, कोटिंग नाही, प्लास्टर नाही. पाच वर्षांनी गच्चीला कोटिंग करताना त्या पट्ट्यावर ते साबण लावल्यासारखं फाटून बाजूला होतं, आणि पाणी शिरायला तेवढी जागा पुरते.

हार्डवेअरच्या दुकानात "सिलिकॉन" मागितलं, की बहुतेक वेळा हातात पडतं ते ॲसिटॉक्सी प्रकारचं, बाथरूम आणि मत्स्यपेटीसाठीचं. नळी उघडल्यावर व्हिनेगरचा झणका येतो तेच ते. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. काँक्रीट क्षारधर्मी आहे, त्यामुळे दोघं चिकटतात त्या जागीच क्रिया होऊन पकड सुटते, आणि शेजारी लोखंड किंवा जस्ताचा पत्रा असेल तर तो गंजतो. गच्चीवर या प्रकाराला जागाच नाही. तुमचा दुसरा ठेकेदार कुठलं सिलिकॉन म्हणतोय ते विचारा. "न्यूट्रल क्युअर, वेदर सीलंट" असं उत्तर आलं तर निदान त्याला माल माहीत आहे.

जुन्या जोडात सिलिकॉन होतं का, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. कडा खरवडून साफ झाली असं वाटलं की तिच्यावर बोटाने पाण्याचे चार थेंब सोडा. स्वच्छ काँक्रीट थेंब पिऊन टाकतं आणि तिथे काळपट ओला डाग पडतो. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला, तर तिथे सिलिकॉनचा अंश अजून आहे. आणखी घासा.

आता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. काँक्रीटवर त्याची पकड उत्तम, फाटायला चिवट, आणि वाळल्यावर त्यावर कोटिंग घेता येतं. गच्चीच्या जोडाला नेमके हेच तीन गुण हवेत. पण ठेकेदार "पीयू" म्हणाला की तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते. एक म्हणजे डब्यातून फुगून बाहेर येणारा पिवळसर पीयू फोम. तो दाराच्या चौकटी बसवायचा माल आहे. उन्हात तपकिरी होऊन त्याचा हाताने भुगा होतो, आणि पाणी तो थांबवत नाही. दुसरं पीयू कोटिंग, ब्रशने लावायचं पातळ द्रव्य. ते फट भरायला नसतं. तिसरं पीयू सीलंट, गनने भरायचं, बहुधा ६०० मिलिलिटरच्या सॉसेजमध्ये, म्हणजे मऊ लांबट पिशवीत येतं. आपल्याला हवंय ते हे. त्याच्या माहितीपत्रकावर आयएसओ ११६०० नुसार वर्ग लिहिलेला असतो. २५ हा आकडा आणि पुढे एलएम ही अक्षरं शोधा. २५ म्हणजे जोडाच्या रुंदीच्या अधिक-उणे २५ टक्के हालचाल ते सोसतं, आणि एलएम म्हणजे ताणताना ते कडांना फार ओढत नाही. १२.५ लिहिलेलं असेल तर विंगमधल्या फटीत ते घालू नका.

पीयूची कमजोरी ऊन. गच्चीच्या कामाला मिळणारी बहुतेक पीयू सीलंट उन्हात पिवळी पडतात, मग वर पांढुरकी भुकटी येते, मग केसासारख्या बारीक चिरा. या चिरा सुरुवातीला वरवरच्याच असतात, पण त्यात पाणी आणि धूळ बसते आणि त्या खोल जातात. उघडं ठेवलेलं पीयू माझ्या कामांत पाच-सात वर्षांत बदलायला आलंय. झाकलेलं, त्याच वेळचं, कापून पाहिलं तर आतून अजून रबरासारखं लवचीक. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की त्यावर ऊन पडू देऊ नका.

आता माझी ती गच्ची. कल्याणची एक चार मजली इमारत, दोन विंग, प्रत्येक २४ मीटर लांब, फटीची लांबी गच्चीवर १२ मीटर. वर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर चायना मोझॅक. आधीच्या माणसाने फटीत डांबर ओतलं होतं, त्यानंतर कुणीतरी त्याच्यावरच सिलिकॉनचा पट्टा मारला होता. मी गेलो तेव्हा तो पट्टा चिमटीत धरून ओढला, तर जवळजवळ दोन मीटर एका झटक्यात साल निघावी तसा निघाला, खालच्या बाजूला काळा तेलकट थर घेऊन. मी सगळं काढलं, कडा ग्राइंड केल्या, प्रायमर लावला, चांगल्या प्रतीचं पीयू भरलं. जूनभर सगळं कोरडं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जिन्याच्या भिंतीवर पुन्हा पाणी.

मी सीलंट तपासलं, कुठेही सुटलेलं नव्हतं. मग कोबा फोडून पाहिला आणि चूक कळली. मी सील केलं होतं ते मोझॅकच्या पातळीला, वरच्या वर. कोबा मात्र विटांच्या तुकड्यांचा, चार-पाच इंच जाड. मोझॅकच्या सांध्यांतून पाणी कोब्यात झिरपतं, तिथे साठतं आणि स्लॅबच्या उताराने आडवं चालत फटीपाशी येतं. म्हणजे माझ्या सीलंटच्या खालून. जून भर तो कोबा पाणी पीत होता, जुलैत भरून वाहू लागला. वर कितीही भारी सीलंट लावलं असतं तरी हेच झालं असतं.

तुमच्याकडे कुठल्या वाटेने पाणी येतंय याचा अंदाज वेळेवरून घेता येतो. सर सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थेंब पडायला लागला आणि पाऊस थांबल्यावर लवकरच थांबला, तर वाट सरळ आहे, जोड किंवा चीर. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकतंच आहे, तर कोब्यात पाणी साठलेलं आहे, आणि तिथे फक्त जोड भरून काही होणार नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्याच इमारतीत ते काम नव्याने केलं, सोसायटीकडून मजुरी न घेता. फटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच कोबा कापून आरसीसी स्लॅब उघडा केला. स्लॅबमध्ये ड्रिल करून एपॉक्सीने सळयांचे तुकडे बसवले आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटचे छोटे बांध घातले, चार इंच रुंद, गच्चीच्या तयार पातळीपासून सहा इंच उंच. मूळ फट तशीच वरपर्यंत दोन बांधांमधून आली. कोब्यातलं पाणी आता बांधाला येऊन थांबतं. बांध आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर कोबा परत भरायच्या आधी जाळीसकट कोटिंग घेतलं, कारण आडवं आलेलं पाणी तिथेच तुंबतं. वर वाहणारं पाणी बांध ओलांडू शकत नाही, त्यामुळे जोडावर पाणी उभं राहायचा प्रश्नच मिटला. तुम्ही हे करणार असाल तर आधी एक बघून घ्या: एका विंगचं पाणी फट ओलांडून दुसऱ्या विंगच्या पाइपात जात नाही ना. जात असेल तर बांधामुळे पहिल्या विंगवर तळं होईल. तिथे वेगळा पाइप आणि नवा उतार आधी करावा लागेल.

बांधाचं काँक्रीट २८ दिवस मुरू दिलं. सीलंट भरायच्या आधी खिळ्यांमधलं माप घेतलं. एप्रिलमध्ये पहाटे फट २२ मिलिमीटर, दुपारी तीनला १९.५. म्हणजे एका दिवसात अडीच मिलिमीटर. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार धरून मी १९ ते २४ असा पल्ला पकडला. २१ मिलिमीटर असताना भरलं तर हिवाळ्यात तीन मिलिमीटर ताण, उन्हाळ्यात दोन मिलिमीटर दाब. तीन भागिले २१, म्हणजे १४ टक्के. २५ वर्गाचं सीलंट हे आरामात सोसतं, १२.५ चं सोसत नाही, आणि साध्या डांबराचा तर प्रश्नच नाही.

हाच हिशेब कठड्याच्या चिरेला लावून बघा, मग गवंडी नुसतं वरून बोट फिरवून चीर भरतो त्यातली गडबड लक्षात येईल. चीर दोन मिलिमीटर आहे आणि ती वर्षभरात एक मिलिमीटर हलते. म्हणजे ५० टक्के. २५ वर्गाचं चांगलं सीलंटही तिथे फाटेल. तीच चीर कटरने १२ मिलिमीटर रुंद करून घेतली, तर तीच एक मिलिमीटरची हालचाल आठ टक्के होते. फट वाढवायला लोक घाबरतात, कमिटीला वाटतं ठेकेदार भिंत फोडतोय. पण रुंदी वाढवल्याशिवाय पीयू भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

फटीची खोली हा दुसरा मुद्दा. सीलंट जितकं खोल तितकं चांगलं, असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही. रबर बँड पातळ असतो म्हणून ताणला जातो, जाड तुकडा ताणायला गेलं तर तो कडांवरून सुटतो. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवा, पण दहा मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्यासाठी आधी फटीत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवतात. ती फटीच्या सव्वा पट जाड असावी, म्हणजे घट्ट बसते. आमच्या २१-२२ मिलिमीटरच्या फटीला २८-३० ची दोरी लागली. ती टोकदार हत्याराने ढकलू नका. भोक पडलं तर आतली हवा तापून सीलंटमध्ये बुडबुडे येतात. लाकडी पट्टीला खाच करून तिने दाबा. दोरीचं दुसरं काम असं की सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन कडांना धरतं. तळालाही चिकटलं तर त्याला मोकळं ताणता येत नाही आणि ते मधून फाटतं. कठड्याच्या उथळ खाचेत दोरी बसत नसेल तर तळाला पॉलिथिनची टेप लावली तरी चालते.

मालाचा हिशेब सोपा असतो. १२ मीटर फट आणि दोन्ही टोकांना कठड्यावर एकेक मीटर चढवलेली, म्हणजे १४ मीटर. रुंदी २१, खोली ११ मिलिमीटर. गुणाकार साधारण ३.२ लीटर, म्हणजे ६०० मिलिलिटरची सहा सॉसेज. आम्हाला सात लागली. ठेकेदार एवढ्या कामाला तीन सॉसेज म्हणाला, तर तो खोली अर्धी ठेवणार आहे.

भरायची वेळ दुपारनंतरची, स्लॅब तापून उतरणीला लागल्यावर, साडेचार-पाचच्या सुमाराला. सकाळी भरलं तर दिवसभर काँक्रीट तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि मऊ सीलंटमध्ये फोड येतात. उतरत्या तापमानात हा त्रास कमी. शिवाय त्या वेळी फट मधल्या मापाजवळ असते. कडा पूर्ण कोरड्या हव्यात. पीयू हवेतल्या दमटपणानेच वाळतं, पण ओल्या काँक्रीटवर वाळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पकडीच्या जागीच जाळी पडते. कोरडं आहे का ते पाहायला दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर अजून थांबा.

प्रायमर गाळू नका, आणि लावल्यावर पत्रकात दिलेला वेळ गेला तर पुन्हा लावा. सीलंट भरल्यावर साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवून गुळगुळीत करायची पद्धत आहे, ती पीयूला नको, कोरडीच पट्टी फिरवा. पहिल्या दिवशी ते दोन-तीन मिलिमीटर वाळतं, पुढे वेग मंदावतो. ११ मिलिमीटर पूर्ण वाळायला आठवडा धरा.

आठवड्याने एका कोपऱ्यात सुरीने परीक्षा घ्या. सीलंट आडवं कापा, मग दोन्ही कडांनी दोन-तीन इंच खाली कापत या, आणि मोकळी झालेली जीभ धरून काटकोनात वर ओढा. ती ताणून मधे तुटली तर पकड उत्तम. कडेपासून स्वच्छ सोलून निघाली तर प्रायमर किंवा साफसफाईत खोट आहे, आणि ती सगळीकडे असणार. कापलेली जागा तिथेच पुन्हा भरता येते, पीयूला पीयू धरतं. पैसे देण्याआधी हे ठेकेदारासमोर करा.

आता ऊन. विंगमधल्या फटीवर आम्ही दोन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला, दोन्ही कडा खाली मुडपलेला. स्क्रू फक्त एका बांधावर मारले, दुसरी बाजू मोकळी सरकू दिली. दोन्हीकडे स्क्रू मारले तर हिवाळ्यात पत्रा तरी फाटतो नाहीतर स्क्रू उपटतात. स्क्रूची डोकी आणि पत्र्याचे सांधे यांना न्यूट्रल सिलिकॉन लावलं. इथे धातू आहे, थेट ऊन आहे, वर रंग मारायचा नाही, म्हणजे सिलिकॉनची ही हक्काची जागा. फक्त पीयू पूर्ण वाळल्यावरच लावा. काही न्यूट्रल सिलिकॉनमधून वाळताना अल्कोहोल सुटतं आणि शेजारचं ओलं पीयू त्यामुळे वाळतच नाही, चिकट राहतं.

कठड्याच्या चिरेवर पत्रा नको. तिथला जुना वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा काढा, चीर १२ मिलिमीटर रुंद करून पीयू भरा, आणि ते वाळल्यावर त्यावर जाळीसकट लवचीक, उन्हाला टिकणारं कोटिंग घ्या, एक फूट गच्चीवर आणि एक फूट कठड्यावर चढवून. सिमेंटचा नवा वाटा थेट सीलंटवर ठोकू नका. हलत्या जोडावर तो वर्षात चिरतो.

तारखांचा हिशेब मागून मांडा. कोकणपट्टीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, त्याआधी वळवाच्या सरी असतातच. म्हणून पीयू मेच्या पहिल्या आठवड्यात भरून व्हायला हवं. मग वाळायला आठवडा, त्यानंतर कोटिंग आणि पत्रा, आणि मेअखेर बांधाच्या बाजूने ४८ तास पाणी भरून परीक्षा. बांधाला २८ दिवस मागे मोजले तर त्याचं काँक्रीट मार्चअखेर पडलेलं असायला हवं. ती वेळ निघून गेली असेल तर यंदा बांध घालून घाईने सील करू नका. फट आतून साफ करा, त्यावर एका बाजूने स्क्रू मारलेला पत्रा टाका, त्याच्या कडेला ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी दाबून हा पावसाळा काढा, आणि पाऊस सरल्यावर कोबा सुकू देऊन जानेवारीत खरं काम सुरू करा.